तापमानाचा तक्ता गेल्यावर: मिश्रण आणि शीतकरणाची गणिते

गरम पितळी ठोकळा कॅलरीमापीतल्या पाण्यात टाकून पितळेची विशिष्ट उष्माधारकता काढायचा प्रयोग; पावसात भिजलेल्या जर्नलमधले तापमानाचे पान वाचता येत नाही, वस्तुमानांचे येते: पितळी ठोकळा २०० ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम, ढवळणीसह तांब्याचा कॅलरीमापी ८० ग्रॅम. एवढ्यावर काय निघते ते पाहू.

गणित १. मिश्रणाचे अंतिम तापमान काढा.

पाणी सकाळपासून प्रयोगशाळेतल्या बादलीत होते, म्हणून ते भिंतीवरच्या थर्मामीटरइतकेच, २९°से. धरू. ठोकळा वाफेच्या पात्रातला. मुंबई समुद्रसपाटीला, त्यात पावसाळ्यात हवेचा दाब थोडा कमी, म्हणून ९९.५°से. घ्या. (हेच गणित पुण्यात केले तर ९८ च्या आसपास घ्यावे लागेल.)

पाणी: १५० × ४.१८६ = ६२७.९ ज्यूल/°से.
कॅलरीमापी: ८० × ०.३८५ = ३०.८
ठोकळा: २०० × ०.३८ = ७६

T = (६५८.७ × २९ + ७६ × ९९.५) ÷ ७३४.७ = ३६.३°से.

आता सापळा. इथे पितळेचा ०.३८ आपण पुस्तकातून घेतला. या ३६.३ वरून पुन्हा पितळेची विशिष्ट उष्माधारकता काढली, तर ०.३८ च येणार. त्याला प्रयोग म्हणत नाहीत. हा आकडा निरीक्षणाच्या रकान्यात लिहू नका. आलेखाच्या कडेला खरे अंतिम तापमान टिपलेले सापडले, तरच विशिष्ट उष्माधारकता काढा. तेव्हाही वाढ जेमतेम ७.३ अंशांची असते: वाचनात अर्धा अंश जास्त पडला की उत्तर ०.३८ चे ०.४१ होते. ठोकळ्याला १ ग्रॅम उकळते पाणी चिकटून आले, तर ते सुमारे २६५ ज्यूल जास्तीचे आणते, ठोकळ्याच्या उष्णतेच्या साडेपाच टक्के. ठोकळा टिपून कोरडा करा, मग पाण्यात टाका.

गणित २. थंड होणाऱ्या पाण्याची फक्त तीन वाचने उरली: ० मिनिटाला ७०, १० ला ५६, २० ला ४६.९°से. खोलीचे तापमान आणि ५ व्या मिनिटाचे वाचन काढा.

समान अंतराच्या तीन वाचनांतून खोलीचे तापमान निघते:

(७० × ४६.९ − ५६²) ÷ (७० + ४६.९ − २ × ५६) = १४७ ÷ ४.९ = ३०°से.

जादा तापमान ४०, २६, १६.९: दर १० मिनिटांनी ०.६५ पट. ५ मिनिटांना √०.६५ = ०.८०६ पट, म्हणजे ३२.२; वाचन ६२.२°से. सरासरी काढून ६३ लिहिणारे बरेच असतात. घट सरळ रेषेत नसते, वक्र असते.

मात्र छेद ४.९ इतका लहान आहे. ४६.९ ऐवजी ४६.५ वाचले, तर खोली २६.४ वर येते! मुंबईच्या जुलैत बंद प्रयोगशाळेत ते पटण्यासारखे नाही. त्यामुळे खोलीचे तापमान वेगळे नोंदलेले असेल तर तेच वापरा, सूत्र फक्त पडताळणीला. आणि पंखा मध्येच लावला किंवा बंद केला असेल, तर तिन्ही वाचनांना एकच ०.६५ लागू होणार नाही.