लॉक स्क्रीनच्या ओळी: सातारा-सांगलीच्या रोजच्या धावपळीसाठी

फोन दिवसातून शंभरदा उजळतो आणि नजर त्यावर दोन सेकंदही टिकत नाही. म्हणून इथली प्रत्येक ओळ तीन ते सात शब्दांची आहे. तिरकी रेघ दिसेल तिथं ओळ मोडून खाली घ्यायची. दोनच्या वर ओळी झाल्या की दुसऱ्या दिवसापासून माणूस वाचतच नाही. खडसावणाऱ्या ओळी मुद्दाम वगळल्यात. "उठ, जग जिंक" असलं काही आठवडाभर बघितलं की ते सासुरवासासारखं वाटायला लागतं. पुढच्या बारक्या कामाकडे बोट दाखवणारी ओळ मात्र महिनाभर चालते.

सकाळी, कुणालाही

वेळ वर आहे, / काम समोर आहे.
दहा मिनिटं / तर करूया.
आधी चहा, / मग डोंगर.
आजचं एकच काम, / पण पुरतं.
बारकी सुरुवात / चालतीय की.
उघडायचाय कशाला? / आठवलं तर उघड.

पहिली ओळ घड्याळाच्या खालीच शोभते, कारण वेळ खरंच वर असते. घड्याळ मध्यभागी दाखवणाऱ्या फोनवर तिची गंमत जाते. तिथं दुसरी घ्या. शेवटची ओळ उगाच फोन चाळणाऱ्यांसाठी. पहिले दोन दिवस हसू येतं, मग खरोखरच फोन परत खिशात जातो.

मैदानावर: पोलीस भरती आणि घाटातली पळापळ

पहिला राउंड हळू, / शेवटचा आपला.
तिसऱ्या राउंडला / दम धर.
गोळा हाताने फेक, / ताकद पायाची.
नजर रेषेच्या / पलीकडे.
बूट दाराशी, / गजर पाचला.
चढाला पाऊल बारीक, / श्वास मोठा.
यवतेश्वर चढलं / की उतार आपला.
अजिंक्यतारा तिथंच आहे. / चल.
आज विश्रांती. / तीही तयारीच.

१६०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर चार राउंड. पहिला राउंड जोशात पळणारा तिसऱ्यात बसतो, आणि वेळ जाते ती तिथंच. चौथ्याला शेवट दिसत असतो म्हणून पाय आपोआप उचलतात. त्यामुळे सराव १६०० चा असेल तर तिसऱ्या राउंडची ओळ लावावी. मुलींच्या ८०० मीटरला दोनच राउंड, तिथं पहिली ओळ जास्त कामाची. गोळा मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. दोघांचीही चूक एकच, नुसत्या दंडावर फेकायचा. जोर मागच्या पायातून कमरेत आणि कमरेतून खांद्यात आला तरच गोळा लांब जातो.

विश्रांतीची ओळ रविवारी लावायचीच. रोज "पळ पळ" वाचून नडगी दुखत असतानाही पळणारी पोरं असतात आणि ऐन भरतीच्या आधी घरी बसतात.

चढाची ओळ साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनवाल्यांसाठी. २१ किलोमीटरमधला जाण्याचा भाग चढाचा, येण्याचा उताराचा. चढावर लांब टांग टाकली की पोटऱ्या भरतात आणि परतीला उतार असूनही उपयोग होत नाही.

या मातीतली दोन माणसंही फोनवर ठेवण्यासारखी आहेत:

माती गोळेश्वरची, / पदक हेलसिंकीचं.
मोहीच्या वाटेवरून / रिओची फायनल.

पहिली खाशाबा जाधवांची: कराडजवळचं गोळेश्वर, १९५२ सालचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांची. २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी. या ओळींमागे फोटो नको, साधा मातीचा रंग पुरे. फोटोवर ओळही दिसत नाही आणि माणूसही नीट दिसत नाही.

अभ्यासिकेतल्यांसाठी

एक पान. / मग दुसरं पान.
पुस्तक मिटून / सांगता येतंय?
चुकलेला प्रश्न / परत सोडव.
कालचं आधी, / आजचं नंतर.
मागची प्रश्नपत्रिका / आज एक.
निकाल त्यांचा, / तयारी आपली.
कमवत शिकणाऱ्यांचं / गाव आहे हे.

यातली दुसरी ओळ सगळ्यात उपयोगी, आणि सगळ्यात नावडती. पान तीनदा वाचलं की येतंय असं वाटतं. मिटून चार वाक्यं बोलायला गेलं की दुसऱ्यालाच अडतं. तिथं अडलेलंच परत वाचायचं. चौथी ओळ उजळणीची आहे: बसल्यावर पहिली वीस मिनिटं कालच्या टिपणांना द्यायची. परीक्षेच्या आठवड्यात ती काढून "निकाल त्यांचा" लावा. त्या दिवसांत नवं काही सांगणारी ओळ जीव घाबरा करते.

शेवटची साताऱ्याचीच. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली आणि कमवा-शिका इथं रुजवलं. दुपारी मेडिकलमध्ये काम करून संध्याकाळी अभ्यासिकेत येणाऱ्याला ती ओळ समजावून सांगावी लागत नाही.

स्वतःचे मार्क, पदाचं नाव, "यंदा शेवटचा प्रयत्न" असलं काही लॉक स्क्रीनवर घालू नये. फोन टेबलावर पडलेला असतो आणि शेजारचा वाचतो.

मळ्यात

एप्रिलची छाटणी काडीला, / ऑक्टोबरची घडाला.
पान उलटून बघ, / मग फवार.
आडसाली ऊस / दीड वर्ष थांबतो.
हिरवा बेदाणा / सावलीतच वाळतो.
थेंबाथेंबानं / मळा भिजतो.
कृष्णेचं पाणीही / चढ चढून जतला गेलं.

तासगाव-मिरज पट्ट्यात पहिली ओळ वाचून कुणी अर्थ विचारणार नाही. द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर घड दिसत नाहीत, नुसती काडी तयार होते. पण पुढच्या हंगामाचा घड त्याच काडीच्या डोळ्यात धरतो. काम दिसत नाही अशा महिन्यांत ही ओळ बरी वाटते, मग माणूस शेतकरी असो की नसो. ती जरा लांब आहे, म्हणून अक्षर एक घर लहान ठेवावं.

"पान उलटून बघ" द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी. वरून तेलकट डाग दिसतो, पण पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला असते. पाऊस झालेल्या आठवड्यात ही ओळ लावली तर सकाळच्या फेरीत हात आपोआप पानाखाली जातो. बेदाण्याची ओळ शेडवाल्यांची. थेट उन्हात माल लवकर वाळतो खरा, पण रंग तपकिरी होतो आणि सौद्याला भाव पडतो. घाईच्या माणसाला, कुठल्याही धंद्यातल्या, ती चपखल बसते.

जतची ओळ म्हैसाळ योजनेवरून. नदी खाली, जत वर, आणि पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून वर नेलंय.

दुकान, पेठ, काउंटर

शटर वर, / तोंड गोड.
पहिलं गिऱ्हाईक / हसून.
उधारी / आजच लिहून ठेव.
मापात पाप नाही, / झोप छान.

उधारीची ओळ लावलेला फोन काउंटरवर उताणा ठेवू नका. किंवा ठेवा, उधारी मागणाऱ्याला न बोलता समजत असेल तर वाईट काय?

घर सांभाळणाऱ्यांसाठी

डबे गेले. / आता आपला चहा.
सगळ्यांचं झालं. / आता माझं.
पाच मिनिटं बसलं / तर घर पडत नाही.

गाडी काढण्याआधी

घाट जिंकायचा नसतो, / पार करायचा असतो.
घरी सांगितलेली वेळ / दहा मिनिटं वाढव.

खंबाटकी, यवतेश्वर, कुंभार्ली, कुठलाही घाट घ्या. या दोन ओळी किल्ली लावण्याआधी वाचायच्या आहेत. फोन स्टँडवर लावून चालत्या गाडीत वाचायच्या नाहीत.

वाईट दिवसांना

आज जमलं नाही. / उद्या परत.
पाणी ओसरतं. / मग झाडू घ्यायचा.
तोंड धू. / चहा टाक.
दमलं तर बसावं. / वाटेवरच बसावं.

सांगलीत २००५ आणि २०१९ चा पूर बघितलेल्या माणसाला दुसरी ओळ कळते: पाणी उतरलं की आधी भिंतीवरचा गाळ ओला असतानाच धुवायचा, वाळला की तो खरवडावा लागतो. दुःखाच्या घरात मात्र यातली एकही पाठवू नये. तिथं फोन करावा.

वडीलधाऱ्यांच्या फोनवर

गोळी घेतली? / मग फिरून या.
आज घाटावर / दोन फेऱ्या.
गुडघ्याला सांगा, / हळूच जाऊ.

इथं अहो-जाहो हवंच. मुलांच्या फोनमधली "चल, पळ" आजोबांच्या फोनवर गेली की ते फोनच बदलायला सांगतात.

ओळ चित्रावर बसवताना

१०८० × २४०० चं चित्र घ्या. दोन्ही बाजूंना १२० पिक्सेल मोकळे सोडा, कारण बरेच फोन वॉलपेपर लावताना थोडं मोठं करून कडा कापतात. वरचे ९०० घड्याळाला आणि सूचनांना, खालचे ४५० बॅटरी-कॅमेऱ्याच्या खुणांना आणि बोटाच्या ठशाला. ओळ १४०० ते १७५० च्या पट्ट्यात बसते. आयफोनवर सूचना खालून वर चढतात, म्हणून तिथं ओळ १००० ते १३०० मध्ये घ्या.

अक्षर ११० च्या आसपास, वडीलधाऱ्यांसाठी १४० आणि मोडलेल्या एका ओळीत तीनच शब्द. मुक्ता किंवा बलू हे फॉन्ट ठसठशीत आहेत. बारीक वजनाचा फॉन्ट घेतला तर उन्हात अनुस्वार आणि रफार दिसेनासे होतात. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. इंग्रजीसाठी ठरलेलं अंतर तसंच राहिलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतात.

कासच्या फुलांचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि त्यावर पांढरी ओळ कधीच वाचता येत नाही. फोटो धूसर करा, किंवा ओळीमागे निम्मा पारदर्शक काळा पट्टा द्या. त्याहून सोपं म्हणजे गडद हिरव्या किंवा निळ्या एकरंगी पार्श्वभूमीवर किंचित पिवळसर पांढरं अक्षर. तयार झालं की फोन हात लांब करून उन्हात धरा, ओळ एका नजरेत वाचता आली पाहिजे.

व्हॉट्सॲपवर ग्रुपला देताना फोटो म्हणून पाठवू नका, अक्षरांच्या कडा फाटतात; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ओळ रविवारी रात्री बदला. आठवड्याआधीच कंटाळा आला तर त्या ओळीत काम सांगितलेलं नाही असं समजा आणि दुसरी घ्या.