विषय: माझ्या कामाचे तास आणि पुढचे पर्याय, गुरुवारी किंवा शुक्रवारी अर्धा तास हवा आहे

मॅडम,

गेल्या दोन महिन्यांत मी तुम्हाला दोनदा "काम खूप झालंय" असं बोलता बोलता म्हणालो. एवढ्यावरून तुम्हाला काही ठरवता येणार नाही, हे मला नंतर जाणवलं. म्हणून २ जून ते २७ जून या चार आठवड्यांत कोणत्या कामाला किती वेळ गेला, याची मी रोज नोंद ठेवली. ती शीट सोबत जोडली आहे. मुख्य मुद्दा असा: माझ्याकडे चार आठवड्यांचे १६० तास आहेत आणि काम साधारण २१० तासांचं आहे. वरचे ५० तास मी रोज सरासरी दोन तास जादा थांबून आणि दोन शनिवारी पाच-पाच तास येऊन भरून काढले. हे यापुढे मला जमणार नाही.

हे कसं वाढत गेलं, ते थोडक्यात सांगतो. जानेवारीपर्यंत आपण तिघं मिळून चार आठवड्यांत सुमारे ८४० व्हेंडर बिलं करत होतो, म्हणजे माणशी २८०. फेब्रुवारीत एक जागा रिकामी झाली. एप्रिलमध्ये दोन नव्या शाखांची बिलं आपल्याकडे आली, ती साधारण २२०. आता १,०६० बिलं आणि माणसं दोन. माझ्या वाट्याला ५३० येतात.

या ५३० पैकी ४२४ सरळ बिलं होती. पर्चेस ऑर्डर जुळते, माल मिळाल्याची नोंद असते, एका बिलाला ८ मिनिटं पुरतात. उरलेली १०६ अडलेली. कुठे दर वेगळा, कुठे नग कमी, कुठे ऑर्डरच नंतर काढलेली. अशा बिलाला सरासरी २५ मिनिटं लागतात, कारण शाखेला फोन करून उत्तराची वाट पाहावी लागते. दोन्ही मिळून १०० तास होतात. बिलांखेरीज:

व्हेंडरचे फोन आणि मेल: ३० तास
नव्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग: २४ तास
महिन्याचं क्लोजिंग: २२ तास
दर आठवड्याचा थकबाकी रिपोर्ट: २० तास
मीटिंग: १४ तास

टेस्टिंगबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एप्रिलमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा मीच हो म्हणालो होतो. आठवड्याला दोन तास लागतील असा माझा अंदाज होता, प्रत्यक्षात सहा लागतात. अंदाज चुकला हे मला मे महिन्यातच कळलं होतं, आणि तेव्हाच तुमच्या कानावर घालायला हवं होतं.

थकवा आहेच, पण मला खरी काळजी वाटते ती चुकांची. जूनमध्ये माझ्या हातून दोन बिलं दोनदा एंटर झाली. व्हेंडरने एकदा मेलवर पाठवली, मग कागदी प्रत आली, आणि बिल नंबरमध्ये एका डॅशचा फरक असल्यामुळे सिस्टिमने अडवलं नाही. एक पेमेंट जाण्याआधी सापडलं. दुसरं गेलं, आणि बँकेचा ताळमेळ घेताना लक्षात आल्यावर व्हेंडरकडून परत मागवावं लागलं. दोन्ही एंट्री संध्याकाळी सातनंतरच्या आहेत. या कामात माझी एवढी वर्षं गेली, अशी चूक याआधी माझ्याकडून झाली नव्हती. शिवाय ३० दिवसांवर गेलेली बिलं जानेवारीअखेर १८ होती, ती २७ जूनला ९४ आहेत. व्हेंडरचे फोन वाढण्याचं तेही एक कारण आहे. बिल रखडलं की फोन येतो, फोनमध्ये वेळ गेला की पुढचं बिल रखडतं.

मला तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग, नवीन माणूस न घेता कामाची फेररचना. टेस्टिंग प्रोजेक्ट टीममधल्या कोणाकडे तरी द्यायचं (२४ तास वाचतील). मी टेस्ट केसेस लिहून देईन आणि अडेल तिथे मेलवर उत्तर देईन, पण स्क्रीनवर बसून तपासणी त्यांनी करायची. थकबाकी रिपोर्ट आठवड्याऐवजी पंधरवड्याला (१० तास). व्हेंडरच्या फोनसाठी रोज ३ ते ४ ही एकच वेळ ठेवायची आणि बाकीचं कॉमन मेलबॉक्सवर घ्यायचं (माझ्या अंदाजाने १० तास). भाडं, वीज, टेलिफोन यांची दर महिन्याला येणारी माझ्याकडची ९० बिलं एकेक न करता एकत्र टेम्प्लेटमधून करायची. आता त्यांना १२ तास जातात, मग २ पुरतील. असे ५४ तास कमी झाले की काम १५६ तासांवर येतं. यात नुकसान काय, तर टेस्टिंगची तारीख बहुधा दोन-तीन आठवडे पुढे जाईल, आणि रिपोर्ट दर सोमवारी पाहणाऱ्यांना तुम्हाला समजवावं लागेल.

दुसरा मार्ग, तीन महिन्यांसाठी तात्पुरता माणूस. तो माझ्याकडची १५० सरळ बिलं आणि रिपोर्ट घेईल, म्हणजे ४० तास. फोनची वेळ ठरवली तर आणखी १० वाचून काम १६० मध्ये बसतं. मात्र पहिल्या महिन्यात त्याला शिकवण्यात माझेच सुमारे २० तास जातील, त्यामुळे जुलैमध्ये काम १६० मध्ये बसणार नाही.

तिसरा मार्ग, सगळं आहे तसं ठेवून बिलं जमतील तशी उशिरा करणं. पर्याय म्हणून लिहितो आहे, पण माझं मत याच्या विरोधात आहे. दर महिन्याला ५० तासांचं काम साठत जाईल, आणि लवकर पैसे दिल्यावर जी सूट काही व्हेंडर देतात ती हातची जाईल.

माझी शिफारस: पहिला मार्ग ७ जुलैपासून सुरू करावा आणि त्याच वेळी रिकाम्या जागेसाठी मागणी पुढे पाठवावी. १५६ तास म्हणजे काठोकाठ भरलेलं काम आहे. मी किंवा माझी सहकारी चार दिवस आजारी पडली तरी ते सांडेल. मी हे लिहितो आहे हे तिला माहीत आहे. तिच्या कामाचे आकडे ती स्वतः तुम्हाला देईल, तिच्या वतीने मी काही बोलत नाही.

यातलं काय थांबवायचं हे मी परस्पर ठरवणार नाही. टेस्टिंग आधी की थकलेली बिलं आधी, हा निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही सांगाल तो क्रम मी पाळेन. तोपर्यंत दोन गोष्टी मात्र मी लगेच सुरू करतो आहे: संध्याकाळी सातनंतर पेमेंटची एकही एंट्री करणार नाही, आणि क्लोजिंगचा आठवडा सोडून शनिवारी येणार नाही.

बुधवारपर्यंत मी क्लोजिंगमध्ये आहे. गुरुवारी ३ जुलैला सकाळी ११ वाजता किंवा शुक्रवारी दुपारी ४ नंतर, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा अर्धा तास द्यावा ही विनंती. येताना शीटची छापील प्रत आणतो.

आपला,
व्हेंडर पेमेंट विभाग
३० जून