‘इन अवर टाइम’: नव्या श्रोत्यांसाठी एक परीक्षण

‘इन अवर टाइम’ हा बीबीसी रेडिओ ४ वरील इंग्रजी चर्चेचा कार्यक्रम ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाला आणि आज तो पॉडकास्ट म्हणून नेहमीच्या अ‍ॅपवर विनामूल्य ऐकता येतो. एक विषय, त्याचे तीन अभ्यासक आणि एक सूत्रसंचालक एवढ्यावर हा कार्यक्रम उभा आहे. इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान, धर्म आणि संस्कृती अशा पाच मोठ्या विभागांत त्याचे हजाराहून अधिक भाग उपलब्ध आहेत. कार्यक्रम सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग यांनी त्याचे सूत्रसंचालन केले आणि २०२६ पासून ती जबाबदारी मिशा ग्लेनी यांच्याकडे आली. संग्रहातील बहुतांश भाग ब्रॅग यांच्या काळातले असून नवा श्रोता प्रथम त्यांच्याकडेच वळण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून पुढील विवेचन त्याच भागांना धरून केले आहे.

उपयुक्ततेचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की हा कार्यक्रम ताज्या घडामोडींशी नाते जोडण्याचा प्रयत्न करत नाही. प्रकाशसंश्लेषण, भूपट्ट विवर्तनी, पक्ष्यांचे स्थलांतर, सम्राट अशोक, शून्य ही संकल्पना, चौदाव्या शतकातील प्लेगची साथ असे विषय येथे ओळीने येतात आणि त्यांची निवड कोणत्याही जयंतीच्या किंवा बातमीच्या निमित्ताने झालेली आहे असे सहसा वाटत नाही. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचा भागही आज ऐकताना शिळा वाटत नाही, आणि भाग क्रमाने ऐकण्याचे बंधनही उरत नाही. एखादे पुस्तक हाती घेण्यापूर्वी त्या विषयाचा नकाशा डोळ्यांसमोर यावा, त्यातले मुख्य प्रश्न कोणते आणि अभ्यासकांचे मतभेद कुठे आहेत हे कळावे, एवढ्यासाठी या कार्यक्रमाइतके भरवशाचे दुसरे साधन मला ऐकण्याच्या माध्यमात आढळलेले नाही. मात्र परीक्षेची तयारी करणाऱ्याला किंवा एखादे कौशल्य शिकू पाहणाऱ्याला येथे फारसे काही मिळणार नाही, कारण चर्चा पाठ्यक्रमासारखी पायरीपायरीने पुढे जात नाही आणि झालेल्या मुद्द्यांची उजळणीही होत नाही.

सादरीकरण हा या कार्यक्रमाचा सर्वांत वेगळा आणि काहींना सर्वांत खटकणारा भाग आहे. सुरुवातीला संगीत नाही, पाहुण्यांची लांबलचक स्तुती नाही, हास्यविनोदाची पेरणी नाही. श्रोत्यांना एका शब्दात अभिवादन करून ब्रॅग विषयाची चार-पाच वाक्यांत ओळख करून देतात, तिन्ही पाहुण्यांची नावे व त्यांची विद्यापीठे सांगतात आणि लगेच पहिला प्रश्न विचारतात. हा पहिला प्रश्न बहुधा पार्श्वभूमीचा असतो, दुसरा दुसऱ्या पाहुण्याकडे जातो, आणि तिसऱ्या पाहुण्याचा आवाज प्रथम ऐकू येईपर्यंत विषयाचा पाया घातला गेलेला असतो. प्रश्नांची ही वाटणी आधीपासून आखलेली असते, तरी चर्चा साचेबद्ध होत नाही, कारण ब्रॅग उत्तर ऐकत असतात आणि त्यातली अडचण पकडत असतात. एखादा प्राध्यापक पारिभाषिक शब्द वापरून पुढे निघाला की ते त्याला थांबवतात आणि त्या शब्दाचा अर्थ श्रोत्यांना सांगण्यास सुचवतात. उत्तर आडवाटेला गेले की ते त्याला स्पष्टपणे मूळ मुद्द्यावर आणतात. हे कधीकधी इतक्या तुटकपणे होते की नव्या श्रोत्याला तो उद्धटपणा वाटू शकतो. मला मात्र त्यात श्रोत्याच्या वेळेविषयीचा आदर दिसतो. अवघड संकल्पना समोर आली असताना सर्व काही समजल्याचा आव आणणारे सूत्रसंचालक आपण पुष्कळ ऐकतो. ‘हे मला पुन्हा सांगा’ असे म्हणण्याची तयारी असलेला सूत्रसंचालक विरळा आहे, आणि अशा क्षणीच सामान्य श्रोत्याच्या मनातला प्रश्न चर्चेत येतो.

ब्रॅग स्वतः साहित्यिक असल्यामुळे साहित्य आणि इतिहासाच्या भागांत त्यांचा हात अधिक सराईत असेल असे वाटते, आणि ते खरेही आहे. परंतु नव्या श्रोत्याला मी विज्ञानाचे भाग आधी सुचवीन. साहित्याच्या चर्चेत ते पुष्कळ गोष्टी श्रोत्याला ठाऊक आहेत असे गृहीत धरतात आणि मूळ कलाकृती न वाचलेला माणूस मागे पडतो. विज्ञानाच्या भागांत त्यांना स्वतःलाच पायापासून समजून घ्यायचे असते, म्हणून प्रश्न साधे, सरळ आणि नेमके असतात. गणिताची गोष्ट थोडी निराळी आहे. आकृती किंवा समीकरण डोळ्यांसमोर नसताना संगणकशास्त्रातील ‘पी विरुद्ध एनपी’ या कूटप्रश्नावर पाऊण तास बोलणे हे धाडसच आहे; तो भाग ऐकण्याजोगा असला तरी हातात कागद-पेन्सिल नसेल तर अर्ध्यावर धागा सुटतो. चित्रकलेच्या भागांनाही माध्यमाची हीच मर्यादा भोवते, आणि त्यासाठी पाहुण्यांना दोष देता येणार नाही.

भाषेविषयी एक सूचना येथेच करावीशी वाटते. पाहुणे बहुधा ब्रिटिश विद्यापीठांतले असतात, त्यांचे उच्चार निरनिराळे असतात आणि वाक्ये लांब असतात. इंग्रजी वाचनाचा सराव आहे पण ऐकण्याचा फारसा नाही, अशा श्रोत्याने पहिले काही भाग किंचित कमी वेगाने लावावेत. वेग वाढवून पॉडकास्ट ऐकण्याची ज्यांना सवय आहे त्यांनीही येथे ती बाजूला ठेवलेली बरी, कारण एका मिनिटात येणाऱ्या माहितीची दाटी गप्पांच्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी अधिक आहे.

संशोधनाच्या दर्जाबाबत या कार्यक्रमाची बाजू मुळातच भक्कम आहे, कारण येथे माहिती सांगणारा माणूस तीच माहिती आयुष्यभर अभ्यासत आलेला असतो. इतिहासावरील अनेक लोकप्रिय पॉडकास्टमध्ये सूत्रसंचालक दोन-तीन पुस्तके वाचून कथा रंगवतो आणि श्रोत्याला कथा आणि पुरावा यांच्यातली सीमारेषा दिसत नाही. येथे ती दिसते. अशोकावरील भाग या दृष्टीने उत्तम नमुना आहे: शिलालेखांतून स्वतः अशोकाने काय म्हटले आहे आणि नंतरच्या बौद्ध कथांनी त्याच्याभोवती काय रचले, हे दोन धागे वेगळे ठेवल्याशिवाय त्या विषयावर जबाबदारीने बोलताच येत नाही, आणि पाहुण्यांना त्याची पुरेपूर जाणीव आहे. संकेतस्थळावर भागांसोबत पुढील वाचनासाठी पुस्तकांची यादीही दिलेली असते. पॉडकास्टच्या जगात ही शिस्त दुर्मीळ आहे, आणि ज्याला एखादा विषय पुढे न्यायचा आहे त्याला त्या यादीचा लाभ प्रत्यक्ष भागाहून जास्त होऊ शकतो.

तरीही दोन त्रुटी नोंदवणे आवश्यक आहे. पहिली अशी की तिन्ही पाहुणे पुष्कळदा एकाच विद्याशाखेतले आणि एकाच विद्यापीठीय परंपरेतले असतात, त्यामुळे एखाद्या प्रश्नावर जगात इतरत्र चाललेला वाद श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही. युरोपबाहेरच्या विषयांत ही उणीव अधिक जाणवते: त्या प्रदेशांतल्या संस्थांमध्ये काम करणारा अभ्यासक चर्चेत असता तर प्रश्नांचा रोख काही ठिकाणी बदलला असता. दुसरी त्रुटी संग्रहाच्या वयातून येते. जुना भाग प्रसारित झाला तसाच राहतो. त्यानंतर विज्ञान पुढे गेले असेल तर ते सांगणारी दुरुस्ती त्यात जोडली जात नाही. हिग्ज बोसॉनवरील भाग २००४ चा आहे आणि त्या कणाच्या शोधाची घोषणा २०१२ मध्ये झाली. गुरुत्वीय लहरींवरील भाग २००७ चा आहे आणि त्या लहरी प्रत्यक्ष प्रथम नोंदल्या गेल्या २०१५ मध्ये. हे दोन्ही भाग आज ऐकायचे तर शोधापूर्वी शास्त्रज्ञ कशाची वाट पाहत होते, याचा दस्तऐवज म्हणून ऐकावेत, आणि त्या अर्थाने ते फार मोलाचे आहेत. परंतु ज्याला त्या विषयाची आजची स्थिती हवी आहे त्याची दिशाभूल होईल. म्हणून विज्ञानाचा कोणताही भाग लावण्यापूर्वी त्याची प्रसारण तारीख पाहणे ही सवय मी प्रत्येक नव्या श्रोत्याला आग्रहाने सांगेन. इतिहास आणि तत्त्वज्ञानाच्या भागांना ही अडचण फार कमी येते.

भागाच्या लांबीबद्दल थोडक्यात सांगता येईल. सुरुवातीच्या काळातले भाग सुमारे अर्ध्या तासाचे असून त्यांत पाहुणे बहुधा दोनच असत. नंतर कार्यक्रम पाऊण तासाचा झाला आणि पाहुणे तीन झाले. हा पाऊण तास मला अगदी योग्य वाटतो. दोन-तीन तास चालणाऱ्या मुलाखतींत जे पाल्हाळ असते त्याला येथे जागाच नाही, आणि वेळेचे हे बंधन रेडिओच्या वेळापत्रकातून आलेले असल्यामुळे ते काटेकोरपणे पाळले जाते. त्याची किंमत शेवटच्या दहा मिनिटांत मोजावी लागते. आरंभीची पार्श्वभूमी सविस्तर येते, मधला भाग समाधानकारक होतो आणि त्या विषयाचा पुढील काळावर झालेला परिणाम, जो बहुतेकांना सर्वाधिक ऐकायचा असतो, तो घाईघाईने उरकला जातो. अलीकडच्या काळातील पॉडकास्ट आवृत्तीत मूळ प्रसारणानंतर काही मिनिटांचा जादा भाग जोडलेला असतो, ज्यात काय सांगायचे राहून गेले असे पाहुण्यांना विचारले जाते. तो वगळू नये. घड्याळाचा धाक संपल्यामुळे अभ्यासक तेथे मोकळेपणाने बोलतात, एकमेकांच्या विधानांवर आक्षेप घेतात, आणि मुख्य चर्चेत सौम्य वाटलेला मतभेद नेमका कशावरून होता हे तेथे उलगडते. ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांना जाहिराती ऐकाव्या लागतात, पण त्यांनी चर्चेचा धागा तुटतो असे मला वाटले नाही.

सुरुवात कोठून करावी, हा प्रश्न एवढ्या मोठ्या संग्रहासमोर स्वाभाविक आहे. सर्वस्वी अपरिचित विषयाऐवजी थोडाफार माहीत असलेला विषय प्रथम निवडावा, असे माझे मत आहे. पहिल्या दहा मिनिटांत नावे, काळ आणि संज्ञा इतक्या वेगाने येतात की त्यांतली निम्मी आधीच ओळखीची असतील तरच उरलेल्या निम्म्यांकडे लक्ष देता येते. शिवाय आपल्याला ठाऊक असलेल्या विषयावर हे अभ्यासक किती काटेकोरपणे बोलतात हे पडताळून पाहता येते आणि मग अपरिचित विषयांत त्यांच्यावर विश्वास ठेवणे सोपे जाते. ज्यांना असा कोणताही विषय लगेच सुचत नाही त्यांनी २०१४ चा प्रकाशसंश्लेषणावरील भाग घ्यावा, कारण शाळेतल्या धड्यामुळे त्याची तोंडओळख जवळपास प्रत्येकाला असते. त्यानंतर अशोकावरील २०१५ चा भाग आणि मग पक्ष्यांच्या स्थलांतरावरील २०१७ चा भाग ऐकावा. तत्त्वज्ञानाचे भाग, विशेषतः कांटच्या नीतिविचारावरील भाग, या तीन भागांनंतर घ्यावेत, आणि ते काम करता करता ऐकण्याजोगे नाहीत.