लेनाला नाशिकहून पत्र

नाशिक,
५ जुलै २०२६

प्रिय लेना,

वर्षभर आमच्या घरी राहून शिकण्यासाठी तू भरलेला फॉर्म पोचला. तुमच्याकडच्या समितीने सगळ्या पानांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं होतं की मूळ कागद टपालाने मागाहून येईल. आम्हाला तेवढा धीर नव्हता. माझी भाची सायली पुण्यात जर्मन शिकते, तिला बोलावून घेतलं. ती फोटो मोठे करून एकेक ओळ मराठीत सांगत गेली आणि मुक्ताने सगळं वहीत उतरवलं. आजी शेजारी बसून ऐकत होत्या. सोळा वर्षांची मुलगी स्वतःबद्दल इतकं नीट आणि खरं लिहिते, याचं त्यांना फार कौतुक वाटलं, आणि मलाही. हे पत्र सायलीच जर्मनमध्ये करून देईल. पण मूळ मराठी पानही सोबत पाठवते आहे. तुला देवनागरी वाचायला शिकायचंय असं तू लिहिलंयस, तर सुरुवात याच पानापासून होऊ दे.

आधी एक तातडीची गोष्ट. अॅलर्जीच्या रकान्यात तू तीन नावं लिहिली आहेस. हेझलनट आणि अक्रोड ही दोन स्पष्ट वाचता येतात. तिसरं नाव कागदाच्या घडीवर आलंय आणि फोटोत तिथे सावली आहे. ते शेंगदाणे आहेत का? हे लगेच कळव. आमच्या स्वयंपाकात दाण्याचा कूट उसळीत, कोशिंबिरीत, चटणीत, उपासाच्या साबुदाणा खिचडीत असतो, चिवड्यात अख्खे दाणे असतात, आणि पुष्कळ घरांत तेलही शेंगदाण्याचंच असतं. ते दाणेच असतील तर तू येण्याआधी मी डबे, मिक्सरचं भांडं, तेल, सगळं बदलून ठेवीन. आजींनी तर वर्षभर कूट बंद म्हणून आत्ताच जाहीर केलंय. तुला यातलं काही जड जाईल असं मनातसुद्धा आणू नकोस, कूट नसला तरी आमटी-भाजी छान होते. फक्त अंदाजावर राहायला नको. डॉक्टरांनी तुला अॅलर्जीचं इंजेक्शन-पेन दिलं असेल तर दोन घेऊन ये आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. इथे तसं पेन सहज मिळत नाही.

दुसरं, तुझ्या आईचा फोन नंबर. तुमच्याकडे एकचा आकडा वरून लांब रेघ ओढून काढतात, तो आम्हाला सातसारखा दिसतो. सायलीने बहुतेक आकडे लावले, पण शेवटून तिसरा नक्की कळत नाही. नंबर टाइप करून पाठव. तू इथे पोचलीस की पहिला फोन त्यांनाच करायचा आहे. ऑगस्टमध्ये आपण तुमच्या साडेतीन तास पुढे असू आणि हिवाळ्यात साडेचार. म्हणजे आमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपली की तुमच्याकडे दुपार उलटत असेल. बोलायला ती वेळ चांगली.

तू अंडी खातेस, मांस-मासे खात नाहीस, हे कळलं. आमच्या घरी अंडी होतात, एकादशी-चतुर्थी सोडून. तिखटाचं काय, ते तू लिहिलेलं नाहीस. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची आणि झणझणीत असते. पहिल्या दिवशी कोणी कितीही आग्रह केला तरी रस्सा वेगळ्या वाटीत माग, मटकीवर थोडा थोडा घाल आणि दही जवळ ठेव. पाव भरपूर खा. तुमच्यासारखी गव्हाची आणि राय नावाच्या धान्याची जड पाव-रोटी मात्र इथे सहज मिळणार नाही. तिची आठवण येईल असं तू लिहिलंयस, ते खरंच होणार. आजी तुला ज्वारीची भाकरी थापायला शिकवणार आहेत.

आता ज्या पानावर आम्ही सगळे सगळ्यात जास्त वेळ थांबलो, त्याबद्दल. तू मोझेलच्या काठच्या बर्नकास्टेल-कुएसची, आणि तुझ्या आजोबांची उतारावर रीसलिंग द्राक्षांची बाग होती. यंदाच्या वसंतात ते गेले. त्यांच्याबद्दल तू फार थोडं लिहिलंयस. आमच्याकडे आजोबांचं नाव काढलेलं चालेल का, असं वाटून गप्प बसू नकोस. मुक्ताचे आजोबा जाऊन बराच काळ लोटला, तरी त्यांचं नाव या घरात रोज निघतं.

आमचीही बाग आहे, दिंडोरी तालुक्यात. हे रोज सकाळी तिकडे जातात. यजमानांना काय विचारायचंय या रकान्यात तू लिहिलंस, फुलोऱ्यात पाऊस आला तर तुम्ही काय करता? हे ऐकून यांनी सायलीला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. उत्तर त्यांनीच सांगितलंय, मी लिहून घेते आहे.

तुमच्याकडे थंडीत वेल झोपते आणि वर्षाला एक छाटणी होते. इथे बर्फ नाही, वेल आपणहून झोपत नाही. म्हणून आम्ही दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिने नव्या काड्या तयार होतात आणि पुढच्या घडांची बीजं त्यांच्या डोळ्यांत धरली जातात. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिच्यानंतर घड बाहेर पडतात. पीक मात्र एकच, साधारण जानेवारी ते मार्च-एप्रिलमध्ये उतरतं. तुमच्या स्लेटच्या दगडात दिवसाची ऊब साठते आणि रात्री वेलींना मिळते असं तू लिहिलंयस. आमची जमीन काळी आणि सपाट, वेली मांडवावर चढवलेल्या. तिथे ऊब कमी पडत नाही, कमी पडते ती कोरडी हवा. गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस पडला की डावण्या हा बुरशीचा रोग येतो. तुमच्या बागांतही तो येतोच, फ्रान्समधल्या बोर्डो गावाच्या नावाचं मिश्रण तिकडे निघालं ते त्याच्यासाठीच, आणि मोरचूद-चुन्याचं तेच बोर्डो मिश्रण आम्हीही फवारतो. घडात पाणी साचून कूज होते ती वेगळी. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस थांबेचना, तेव्हा जिल्ह्यातल्या बागा डोळ्यांदेखत गेल्या. पाऊस आला की आम्ही तेच करतो जे तुझे आजोबा करत असतील: पहाटे बागेत जातो, घड हलवून पाणी झाडतो, पाला काढून वारा खेळता ठेवतो आणि आभाळाकडे बघतो.

ऑक्टोबरमध्ये तू छाटणी बघशील. कात्री हातात घ्यायची असेल तर हे शिकवतील. आमच्या बागेत थॉमसन आणि सोनाका आहेत, दोन्ही खाण्याची, बिनबियांची. नाशिकची द्राक्षं कंटेनरने युरोपात येतात, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या गावच्या दुकानात तू आमच्या जिल्ह्याचा एखादा घड आधीच खाल्ला असशील.

नदीशिवाय राहता येत नाही, असंही तू लिहिलंयस. इथे गोदावरी आहे. नाशिककर तिला गंगाच म्हणतात, म्हणून कोणी ‘गंगेवर जाऊ’ म्हणालं तर बुचकळ्यात पडू नकोस. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर ती उगवते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तू येशील तेव्हा भर पावसाळा असेल. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पूर किती चढला हे लोक रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून ठरवतात: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. त्या दिवसांत घाटावर उतरायचं नाही, पुलावरून बघायचं. हा एक नियम मी तुझ्यासाठीही पक्का ठेवणार आहे. तुझ्या रोइंगबद्दल सांगायचं तर ऑलिंपिकला गेलेला दत्तू भोकनळ आमच्याच जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातला. रिओला २०१६ मध्ये सिंगल स्कल्समध्ये तो तेरावा आला. तुला इथे सराव करता येईल का, याची चौकशी हे करत आहेत.

एक रकाना राहिला, ‘कशाची भीती वाटते?’ तू लिहिलंयस की खूप माणसांत तू गप्प होतेस आणि लोकांना वाटतं तुला राग आलाय. आम्हाला तसं वाटणार नाही, कारण तू आधीच सांगितलंस. आमच्या घरी माणसं येत-जात राहतात आणि दार वाजवायची फारशी रीत नाही. पण तुझी खोली मागच्या बाजूची आहे, तिला कडी आहे, आणि कडी लागलेली असेल तर कोणी हाक मारणार नाही, हे आजींपासून सगळ्यांनी मान्य केलंय. १४ सप्टेंबरला गणपती बसतील, नोव्हेंबरमध्ये दिवाळी, तेव्हा घर भरलेलं असेल. आरतीला टाळ वाजवायला ये, नाहीतर खोलीत बस, दोन्ही चालेल. मार्चमधल्या रंगपंचमीला जुन्या नाशिकमध्ये पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. दगडी हौदच ते, रंगाच्या पाण्याने भरलेले, आणि लोक त्यात उड्या मारतात. तिवंधा चौकात ओळखीच्यांची गॅलरी आहे, तिथून सगळं दिसतं.

त्या रकान्याखाली एक ओळ तू लिहून खोडलीस. ती सायलीने वाचली नाही, मीही तिला वाचायला सांगितली नाही. कधी सांगावीशी वाटली तर मी आहे.

या वर्षी सिंहस्थही आहे. ३१ ऑक्टोबरला ध्वजारोहण होईल. मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्टपासून, तेव्हा तू परत गेलेली असशील. पण शहरात त्याच्या तयारीची खोदकामं चालू आहेत, त्यामुळे कॉलेजला जायला थोडं लवकर निघावं लागेल. तू मुक्ताबरोबरच अकरावीला बसशील.

मुंबईच्या विमानतळावर आम्ही दोघं आणि मुक्ता न्यायला येऊ. येताना पावसात घाटात धुकं असतं, गाडी हळू चालेल, चारेक तास धर. झोप आली तर खुशाल झोप. तू उतरल्यावर चोवीस तासांत आम्हाला तुझी माहिती ऑनलाइन भरायची असते, आणि चौदा दिवसांच्या आत तुझी परदेशी नागरिक म्हणून नोंदणी होते. त्यासाठी व्हिसा आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेव, पासपोर्ट फोटो जास्तीचे आण. कपडे लवकर वाळतील असे, आणि एक स्वेटर नक्की. डिसेंबर-जानेवारीत इथे चांगलीच थंडी पडते, आणि घरं गरम करायची सोय नसते.

मला काकू म्हण, यांना काका. आजींना आजीच. माझ्यासाठी काही भेट आणू का असं तू विचारलंयस. आजोबांच्या बागेचा एखादा फोटो आण, तो आम्ही बागेतल्या घरात लावू.

तिसरं नाव आणि आईचा नंबर, एवढं मात्र या आठवड्यातच कळव.

तुझी,
सुनंदाकाकू
(आणि विलासकाका, मुक्ता, आजी)