छोट्या गटाची सकाळची गाणी, गोलात बसताना

ताई, सोमवारपासून सकाळचा गोल तुम्ही घेणार आहात म्हणून सगळी गाणी इथे पूर्ण टाईप करून ठेवतेय, चाली साध्याच आहेत, टाळीच्या ठेक्यावर म्हणा, फार खालच्या पट्टीत नको कारण पोरांचा आवाज तिथे पोचत नाही. आणि एकच गोष्ट मनापासून सांगते, यातल्या प्रत्येक गाण्यात न बोलता उत्तर देण्याची जागा ठेवलीय, बोट, मान, पाय, नुसतं बघणं सुद्धा, ते उत्तर आलं की लगेच पुढची ओळ घ्या, "बोल ना, बोल ना" अजिबात नको.

साडीचं गाणं (सव्वानऊला, जमवाजमव होताना)

कपाटात जुनी सुती साडी आहे, निळी, पिळून तिची दोरी करायची आणि टोकं बांधायची. स्वरा कुणाचा हात धरत नाही पण साडी धरते, म्हणून हातात हात धरायला लावू नका.

साडी आली लांब लांब,
थांब थांब, जरा थांब!
इकडून धर, तिकडून धर,
साडीचं झालं गोल घर.
आतले आपले, दारातले आपले,
मांडीत बसलेले तेही आपले!

शेवटच्या दोन ओळी दोनदा. "दारातले" म्हणताना दाराकडे वळून म्हणा पण कुणा एकाकडे टक लावून नको. कबीर पहिला आठवडा चपलांच्या रॅकपाशीच उभा असतो, तर साडीचा थोडा ढिला भाग त्याच्या बाजूला सोडून ठेवा, वाटलं तर धरेल.

टाळीचं गाणं (नावं घेताना)

टाळी टाळी, कोण आलं?
इरा आली, बरं झालं!
हात हलव, नाहीतर मान,
इरा आली, किती छान!

मुलगा असेल तर "कबीर आला". सुरुवात नेहमी धीट पोरांपासून, ओजस, मग सई, म्हणजे बुजऱ्यांना काय करायचं ते आधी बघायला मिळतं, त्यांचं नाव मधे कुठेतरी, शेवटी मुळीच नको, शेवटी ठेवलं की सगळ्यांच्या नजरा जमतात तिथे. तिसऱ्या ओळीनंतर दोन टाळ्यांएवढं थांबायचं, तेवढंच, मग काही हललं नाही तरी "किती छान" तितक्याच आनंदाने म्हणायचं. पायाचं बोट हललं तरी ते उत्तर धरा, इराचं आधी तेच हलतं!

कुणी आलं नसेल तर:

टाळी टाळी, कोण कुठंय?
ओजस आज घरी हाय!
ओजसची जागा इथं हाय,
उद्या येईल, बाय बाय!

(हे "हाय" आमच्या मावशींनी घातलंय, पोरांना फार आवडतं, बदलू नका.)

गोगलगायीचं गाणं (मुठीचं)

डावी मूठ म्हणजे घर, उजव्या हाताची दोन बोटं म्हणजे शिंगं, मुठीमागून वर येतात. पावसात अंगणात खऱ्या गोगलगायी निघतातच, भिंतीवर दिसली तर आधी सगळ्यांना दाखवा आणि मग म्हणा.

गोगलगाय बसली घरात,
पाऊस आला जोरात जोरात.
एक शिंग बाहेर, कोण कोण आलं?
पटकन आत, काय बरं झालं?
दोन शिंगं बाहेर, सगळे दिसले,
हळूच बघून सगळे हसले!

आणि कुणाची मूठ बंदच राहिली तर हे कडवं, सगळ्यांनी मिळून, कुजबुजत:

आत बसायचंय? बस गं बाई,
आपल्याला काही घाई नाही!

हे कडवं मला सगळ्यात जवळचं आहे. मी ते रोजच म्हणते, सगळी शिंगं बाहेर आलेली असली तरी, म्हणजे कुणा एकासाठी म्हटलंय असं वाटत नाही, आणि गंमत म्हणजे धीट पोरं पण मुद्दाम मूठ मिटून बसतात मग.

नमस्काराचं गाणं (आवाजांचं)

चिमणीने केला नमस्कार,
चिव चिव चिव!
मांजरीने केला नमस्कार,
म्याव म्याव म्याव!
बेडकाने केला नमस्कार,
डराव डराव डराव!
माशाने केला नमस्कार,
(तोंड उघडायचं, मिटायचं, आवाज नाही, तीनदा)
ऐकू आला? ऐकू आला!
आम्ही पण केला! आम्ही पण केला!

माशाचं कडवं गाळू नका कधी. इथे अख्खा गोल गप्प असतो, त्यामुळे जे पोर बोलत नाही ते इथे सगळ्यांच्या बरोबरीने म्हणतं, एकदम बरोबर म्हणतं. स्वराने पहिल्यांदा भाग घेतला तो मासा करूनच, ओठांचा चंबू करून, आणि मग तिने शेजारच्या सईकडे बघितलं, सईने पण चंबू केला. पुढे तिला बेडूक जमायला बराच वेळ गेला, जाऊ दे, मासा आहे ना.

चेंडूचं गाणं

मोठा मऊ चेंडू, खाली बसून, पाय पसरून, फेकायचा नाही, घरंगळवायचा.

गडगड गडगड चेंडू आला,
सईच्या पायापाशी थांबला.
ढकल हाताने, ढकल पायाने,
चेंडू चालला आपल्या मनाने!

कुणी चेंडू कवटाळून बसलं तर ओढून घेऊ नका, चौथी ओळ "चेंडू बसला आपल्या मनाने" अशी म्हणा, सोडतात थोड्या वेळाने. आणि दारापाशी उभ्या असलेल्याकडे पण चेंडू जाऊ द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा पोरं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली, अंगणवाडी तिथलीच, मग आपल्याला चपलांच्या रॅकपर्यंत चेंडू न्यायला काय हरकत आहे! कबीरने परवा तिथूनच पायाने परत ढकलला, आणि ओजस ओरडला "कबीर खेळतोय", तर ओजसला नंतर बाजूला घेऊन हळू सांगायचं की ओरडायचं नाही, नुसता चेंडू परत पाठवायचा.

आई येण्याचं गाणं (शेवटी, रडू आलं तर मधेच कधीही)

बोटं मोजत म्हणायचं, अंगठ्यापासून, शेवटची ओळ करंगळीवर येते.

आधी गाणी, मग खेळ,
मग डबा, पोळी-केळ,
मग गोष्ट छोटीशी,
मग चप्पल पायाशी,
मग आई दाराशी!

कबीरला "आजोबा दाराशी" म्हणायचं कारण त्याला आजोबाच न्यायला येतात, स्वराला "बाबा", यादी फळ्याच्या मागे चिकटवलीय, चुकीचं माणूस म्हटलं तर पोरं खरंच काळजीत पडतात. आणि खेळ झाला की एक बोट मिटून दाखवायचं, डबा झाला की दुसरं, म्हणजे "आई कधी येणार" चं उत्तर त्यांच्याच हातात असतं.

गोल सोडताना

गोल गोल घर झालं मोठं,
चला बघू आता जायचं कोठं?
वाळूत, ठोकळ्यांत, बाहुलीपाशी,
जा रे जा, ज्याच्या त्याच्यापाशी!

"ज्याच्या त्याच्यापाशी" ला साडी खाली टाकायची. पावसाच्या दिवशी "वाळूत" ऐवजी "रंगांत". साडी शनिवारी मावशींकडे धुवायला द्या, आणि सोमवारी कबीर कुठपर्यंत आला ते मला रात्री नक्की कळवा.