यादी अर्धीच मिळाली, कृपया पुन्हा पाठवावी

काकूंस नमस्कार,

काल संध्याकाळी तुमची पिशवी आणि यादी दुकानात पोचली. सामान काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं की यादी अर्धीच आहे. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तुम्ही १ आकडा घातलाय, म्हणजे दुसरं पान असणार. पिशवी उलटी करून झटकली, मुलाला विचारलं, त्याच्याकडे एवढा एकच कागद दिला होता. दुसरं पान बहुतेक घरीच राहिलं असावं.

पहिल्या पानावरचं तूरडाळ, जुना कोलम, साखर, जाडे पोहे, बारीक रवा, शेंगदाणे हे सगळं वजन करून तुमच्या नावाने बाजूला ठेवलंय. अडलंय ते शेवटच्या ओळीशी. तिथे फक्त ‘जिरे पाव’ एवढंच आहे आणि पुढे कागद संपतो. पाव किलो समजावं, तर तुम्ही एरवी शंभर ग्रॅमच नेता. घरी काही कार्य असेल तर पाव किलोही लागेल, म्हणून जिरे अजून तोललेले नाहीत. त्यापुढे तेल, चहा, गूळ, साबण यांपैकी काहीच दिसत नाही, आणि तेलाशिवाय तुमची यादी कधी आलेली मला आठवत नाही.

मागच्या महिन्याचं बिल वहीत आहे, त्यावरून उरलेलं भरता आलं असतं. पण तसं करावंसं वाटलं नाही. काकांच्या पथ्यामुळे मीठ आणि तेल तुम्ही मध्येच बदलता. तिथे माझ्या अंदाजाने काही गेलं आणि ते तसंच स्वयंपाकात पडलं तर ते बरं नाही.

तेव्हा जमल्यास पूर्ण यादी नव्याने लिहून पाठवा, पहिल्या पानासकट. नुसतं दुसरं पान आलं तरी चालेल, पण पूर्ण असली की मला ताडून बघता येईल आणि एखादी वस्तू दोनदा जाणार नाही. तेलापुढे कुठलं आणि किती लिटर, डबा की पिशव्या, तेवढं जरूर लिहा. फोनवर सांगितलंत तरी मी लिहून घेईन, पण दुकानात गर्दी असली की वजनं ऐकण्यात चूक होते, म्हणून कागदच बरा.

चिठ्ठी घेऊन आलेला मुलगा थांबेल. लगेच लिहून होत असेल तर त्याच्याच हाती द्या, नाहीतर उद्या दुपारपर्यंत पाठवा. परवा दुकान बंद आहे. यादी उद्या दुपारपर्यंत आली तर संध्याकाळच्या फेरीत सगळं सामान एकदमच घरपोच करतो. मधल्या वेळात साखर किंवा डाळ लागणार असेल तर मुलाला तसं सांगा, बांधून ठेवलेलं आहे, आजच पाठवून देतो. बिल मात्र सगळं सामान गेल्यावर एकच करीन.

काकांना नमस्कार सांगा.

तुमचा,
किराणा दुकानदार