पीक विमा : 31 जुलैच्या आत काय करायचं

राम राम मंडळी. ग्रुपवर फिरणारं 'अधिसूचित क्षेत्रातील बिगर कर्जदार शेतकऱ्यांनी विहित मुदतीत...' हे पत्रक वाचून अर्ध्या खटाव तालुक्याचे फोन येऊन गेले. म्हणून तेच साध्या भाषेत.

खरीप 2025 चा पीक विमा भरायची शेवटची तारीख 31 जुलै, गुरुवार. मुदत वाढेल या भरवशावर राहू नका. शेवटच्या दोन दिवसांत साईट रडते आणि सेंटरवर रांग लागते.

एक रुपयातला विमा खरीप 2025 पासून बंद झालाय. आता विमा रकमेच्या जास्तीत जास्त 2 टक्के आपण भरायचे, कांदा आणि कापसाला 5 टक्के. म्हणजे हेक्टरी विमा 50,000 चा असेल तर सोयाबीनला 1,000 च्या वर जात नाही. सोयाबीन, बाजरी, ज्वारी, मका, मूग, उडीद, तूर, भुईमूग, कांदा यांचा विमा निघतो, पण आपल्या महसूल मंडळाला ते पीक लागू आहे का, हे आधी कृषी सहायकांना विचारा. ऊस, आलं, बटाटा यात नाहीत. पुसेगावकडच्यांनी बटाट्यासाठी हेलपाटा घालू नये.

सोसायटीतून पीककर्ज उचललंय? मग विम्याचा हप्ता बँकच कापते. नको असेल तर 24 जुलैच्या आत बँकेला लेखी द्या. हवा असेल तरी एकदा जाऊन कुठलं पीक टाकलंय ते बघा, कारण रानात सोयाबीन आणि कागदावर मका असेल तर विमा असून नसल्यासारखा.

कर्ज नसेल तर आपलं आपण भरायचं, pmfby.gov.in वर किंवा सीएससी सेंटरवर. सोबत आधार, फार्मर आयडी, सातबारा, आठ-अ, पासबुक आणि पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. फार्मर आयडी नसेल तर आधी तो काढा, त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. दुसऱ्याचं रान कसत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, तोंडी बोली चालत नाही.

सेंटरवाल्याला अर्जामागं 40 रुपये विमा कंपनी देते. तुम्ही फक्त हप्ता आणि उताऱ्याचे पैसे द्यायचे. 'फॉर्मचे शंभर' कुणी मागितले तर सरळ तालुका कृषी कार्यालयात सांगा, लाजू नका.

आणि एक, जे पत्रकात शेवटी बारीक अक्षरात आहे. खरीप 2025 ची भरपाई पीक कापणी प्रयोगावरच ठरणार. अख्ख्या मंडळाचं उत्पादन घसरलं तर पैसे मिळतील. एकट्याच्या वावरात पाणी साचलं तर त्याचे वेगळे मिळणार नाहीत. हे डोक्यात ठेवून भरायचा की नाही ते ठरवा. कोरडवाहू सोयाबीनवाल्यांनी भरावा, असं माझं मत.

भरल्यावर पावती घ्या आणि गट नंबर, क्षेत्र, पीक, खाते नंबर तिथंच उभं राहून तपासा. 1 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी सुरू होईल. तिथंही तेच पीक नोंदवा, नाहीतर दावा अडकतो.

घरात आण्णा-तात्यांना मोबाईल जमत नसेल तर ही पोस्ट वाचून दाखवा.